‘दहा टक्के’ म्हणून घेतलेलं कर्ज अठरा टक्क्यांचं कसं होतं?

कर्ज देणाऱ्याने ग्राहकाला एका कागदावर कर्जाचा खरा खर्च लिहून द्यायचा, असा आदेश रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ रोजी काढला. १ ऑक्टोबर २०२४ पासून दिल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या किरकोळ कर्जांना तो लागू झाला. बँक असो, सहकारी बँक असो की फायनान्स कंपनी, दुचाकी, फ्रिज, मोबाईल किंवा पर्सनल लोनसाठी हा कागद देणं आता बंधनकारक आहे. पण दुचाकीच्या शोरूममध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर बसलेल्या फायनान्सवाल्याशी बोलून बघा. तिथली भाषा अजून तीच जुनी आहे. तो तोंडी जो दर सांगतो आणि कागदावर जो दर असतो, त्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. गंमत म्हणजे दोन्ही आकडे आपापल्या परीने बरोबर असतात.

हे कसं होतं, ते आपण एका स्कूटरच्या कर्जावर बघू.

समजा, घरातल्या मुलाला डिलिव्हरीचं काम मिळालंय आणि त्यासाठी स्कूटर हवी आहे. डाऊन पेमेंट भरून एक लाख रुपये कमी पडतात. टेबलावरचा माणूस सांगतो, “भाई, एकदम सोपा हिशेब आहे. दहा टक्के व्याज. लाखाला वर्षाचे दहा हजार, तीन वर्षांचे तीस हजार. एक लाख तीस हजार भागिले छत्तीस. महिन्याला ३,६११ रुपये, बस्स.”

हिशेब खरंच सोपा आहे आणि त्यात एकही रुपया लपवलेला नाही. यालाच फ्लॅट रेट म्हणतात. आपल्याला वाटतं, दर साल दर शेकडा दहा रुपये म्हणजे ठीकच आहे की. बँकसुद्धा बारा-चौदा टक्के सांगते, हा तर दहाच सांगतोय. आपण सही करून मोकळे होतो.

गोम कुठे आहे?

दर साल दर शेकडा दहा, याचा अर्थ असा की शंभर रुपये वर्षभर माझ्याकडे राहिले तर त्यांचे दहा रुपये द्यायचे. पण हा एक लाख रुपया तीन वर्षं आपल्याकडे राहतो कुठे? पहिल्याच महिन्यापासून आपण तो परत करायला लागतो. दीड वर्षानंतर जवळजवळ निम्मं मुद्दल फिटलेलं असतं. शेवटच्या महिन्यात तर आपल्याकडे त्यांचे साडेतीन-चार हजारच उरलेले असतात. फ्लॅटच्या हिशेबात मात्र पहिल्या महिन्यापासून छत्तिसाव्या महिन्यापर्यंत व्याज पूर्ण एक लाखावरच लागतं. जे पैसे आपण केव्हाच परत केले, त्यांचंही भाडं आपण भरत राहतो.

याउलट दुसरी पद्धत आहे ती घटत्या बाकीची, म्हणजे रिड्यूसिंग बॅलन्सची. यात दर महिन्याला जेवढं मुद्दल बाकी आहे, तेवढ्यावरच व्याज लागतं. हप्ता भरला की बाकी कमी होते आणि पुढच्या महिन्याचं व्याजही तेवढं उतरतं. घराचं कर्ज याच पद्धतीने चालतं. बँकेच्या जाहिरातीत जो दर असतो, तोही बहुतेक वेळा याच पद्धतीचा असतो.

आता तेच एक लाख, तीच तीन वर्षं आणि तेच दहा टक्के, पण घटत्या बाकीवर धरा. हप्ता येतो ३,२२७ रुपये आणि एकूण व्याज जातं साधारण १६,१६० रुपये. फ्लॅटमध्ये गेले ३०,०००. दोन्हीकडे आकडा “दहा टक्के”च आहे, पण खिशातून जाणाऱ्या रकमेत जवळपास चौदा हजारांचा फरक पडतो.

मग आपल्या स्कूटरच्या कर्जाचा खरा दर किती? ३,६११ रुपयांचे ३६ हप्ते कोणत्या घटत्या दराने बसतात ते काढलं, तर उत्तर येतं १७.९२ टक्के. म्हणजे अठराच म्हणा. याची खातरजमा साध्या रीतीनेही करता येते. या कर्जात तीन वर्षांत सरासरी बाकी राहते साधारण ५५,८०० रुपये. आपण वर्षाला व्याज देतो दहा हजार. ५५,८०० रुपये वापरून वर्षाला दहा हजार द्यायचे, हा दर शेकडा अठराचाच भाव झाला.

दहा महाग आणि चौदा स्वस्त

कुणी म्हणेल, “दराला काय नाव द्यायचं ते देऊ द्या. हप्ता ३,६११ आहे हे तर त्याने सांगितलंच ना?” हे म्हणणं अर्धं बरोबर आहे. फ्लॅट रेट ही हिशेबाची एक रीत आहे आणि नुसत्या रीतीने कुणी फसत नाही. नुकसान होतं ते तुलना करताना.

समजा, त्याच मुलाचे वडील आपल्या बँकेत चौकशी करतात. बँक सांगते, १४ टक्के, रिड्यूसिंग. घरी चर्चा होते. “शोरूमवाला दहा सांगतोय, बँक चौदा. वर बँकेत कागदपत्रं जास्त आणि दोन चकरा. जाऊ दे, शोरूममधूनच घेऊ.”

आता दोन्हीचे हप्ते शेजारी ठेवा. बँकेच्या १४ टक्क्यांचा हप्ता येतो ३,४१८ रुपये आणि तीन वर्षांचं व्याज साधारण २३,०४०. शोरूमच्या १० टक्क्यांचा हप्ता ३,६११ आणि व्याज ३०,०००. जे कर्ज चार टक्क्यांनी स्वस्त वाटत होतं, ते प्रत्यक्षात सात हजारांनी महाग निघालं. या सात हजारांत स्कूटरचा वर्षभराचा विमा आणि दोन-तीन सर्व्हिसिंग सहज निघाल्या असत्या.

म्हणून दोन दर एकमेकांशी ताडून बघायच्या आधी एकच सवाल विचारायचा: “हा फ्लॅट आहे की रिड्यूसिंग?” समोरचा फ्लॅट म्हणाला, तर तो आकडा मनातल्या मनात १.८ ने गुणा. एक वर्षापासून पाच वर्षांपर्यंतच्या हप्त्याच्या कर्जाला हा ठोकताळा बऱ्यापैकी चालतो. ८ फ्लॅट म्हणजे साडेचौदाच्या आसपास आणि १० फ्लॅट म्हणजे अठरा. मुदत पाच वर्षांची असेल तर खरा दर किंचित कमी येतो. १० फ्लॅटचा तेव्हा १७.२७ होतो. पण दुकानात उभं राहून निर्णय घ्यायला १.८ पुरेसा आहे.

ज्यांना नेमका आकडा हवा, त्यांनी घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला मोबाईलवर शीट उघडून हे सूत्र टाकायला सांगावं. यात पहिला आकडा हप्त्यांची संख्या, दुसरा हप्ता आणि तिसरा कर्जाची रक्कम आहे.

```
=RATE(36,-3611,100000)*12
```

उत्तर ०.१७९२ असं आलं तर त्याचा अर्थ १७.९२ टक्के.

हातात आलेली रक्कम मोजा

अजून एक पायरी बाकी आहे. कर्ज एक लाखाचं मंजूर होतं, पण एक लाख हातात येतात का? प्रोसेसिंग फी २,५०० रुपये, तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे झाले २,९५०. कागदपत्रांचा खर्च ५५०. कर्जाला जोडलेला विमा १,५००. हे पाच हजार बहुतेक वेळा कर्जातूनच कापले जातात किंवा डाऊन पेमेंटच्या पावतीत मिसळले जातात. दोन्हीचा परिणाम एकच. आपल्या कामी आले ९५,००० आणि हप्ता मात्र एक लाखाचा, ३,६११ रुपये.

वरच्या सूत्रात १००००० च्या जागी ९५००० टाका. दर येतो साधारण २१.६५ टक्के. दहावरून अठरा आणि अठरावरून जवळपास बावीस. फीचा आकडा लहान दिसतो, पण मुदत जितकी कमी, तितका त्याचा दरावरचा भार जास्त पडतो. पाच हजारांची हीच फी एका वर्षाच्या कर्जात आणखी जोराने लागते, कारण ती पसरायला महिनेच कमी असतात.

“पहिला हप्ता ॲडव्हान्स” हाही असाच प्रकार आहे. कर्ज मिळालं त्याच दिवशी ३,६११ परत घेतले, तर खरं कर्ज ९६,३८९ रुपयांचंच झालं आणि हप्ते उरले ३५. बाकी कसलीही फी नसली तरी एवढ्यानेच १७.९२ चा दर १९ टक्क्यांवर जातो.

मुदतीआधी फेडायला गेल्यावर

फ्लॅटचा खरा चटका बसतो तो कर्ज लवकर फेडताना. आपल्या घरांत हे नेहमी होतं. बिशी लागते, आखाती देशातून भाऊ पैसे पाठवतो किंवा कारखान्यात बोनस मिळतो. मग वाटतं, डोक्यावरचं कर्ज उतरवून टाकू.

समजा, आपल्या स्कूटरचे १२ हप्ते भरून झाले. गेले ४३,३३३ रुपये. शोरूममध्ये ऐकलेल्या हिशेबाने माणूस विचार करतो: लाख भागिले छत्तीस म्हणजे महिन्याला २,७७८ मुद्दल फिटतं. बारा महिन्यांत ३३,३३३ फिटलं. बाकी राहिले ६६,६६७. तेवढी रक्कम जमवून तो कंपनीच्या ऑफिसात जातो, तर पडद्यावर बाकी दिसते ७२,३८८. वाद सुरू होतो. “अरे, पावणेसहा हजार जास्त कुठून आले?”

ते आले कंपनीच्या हिशेबवहीतून. कर्ज विकताना भाषा फ्लॅटची असते, पण कंपनी खातं १७.९२ टक्क्यांच्या घटत्या बाकीने चालवते. त्या हिशेबात पहिल्या हप्त्यातले १,४९३ रुपये व्याजात जातात आणि मुद्दलात २,११८ च. सुरुवातीला बाकी मोठी असल्याने व्याजही जास्त जातं, मुद्दल हळूहळू फिटतं. बारा महिन्यांत भरलेल्या ४३,३३३ पैकी १५,७२१ व्याजात गेले आणि मुद्दलात गेले २७,६१२. घटत्या बाकीच्या रीतीने हा हिशेब बरोबरच आहे. आपल्याला तो आधी कुणी सांगितला नव्हता, एवढंच. ऑफिसातल्या कारकुनाशी भांडून काही हाती लागत नाही, कारण वेळापत्रक पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं.

त्यावर फोरक्लोजर चार्ज वेगळा. तो ४ टक्के असेल तर ७२,३८८ वर सुमारे २,९०० रुपये आणि त्यावर जीएसटी. इथे अलीकडच्या एका बातमीने बऱ्याच जणांचा गैरसमज झाला आहे. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही, असा नियम रिझर्व्ह बँकेने जुलै २०२५ मध्ये केला आणि १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या कर्जांना तो लागू झाला, हे खरं आहे. पण तो फ्लोटिंग दराच्या, म्हणजे बाजाराप्रमाणे वर-खाली होणाऱ्या दराच्या कर्जांसाठी आहे. दुचाकीचं किंवा वस्तूंचं हप्त्याचं कर्ज सहसा फिक्स्ड दराचं असतं. फ्लॅटने सांगितलेलं कर्ज तर फिक्स्डच असणार, कारण हप्ता पहिल्या दिवशीच बांधला जातो. म्हणजे ज्या कर्जदाराला सवलतीची सगळ्यात जास्त गरज आहे, त्याच्यापर्यंत ती पोचत नाही. त्याच्यासाठी करारात लिहिलेला चार्जच खरा.

कागदात काय बघायचं?

आता सुरुवातीला सांगितलेल्या कागदाकडे येऊ. त्याचं नाव आहे की फॅक्ट स्टेटमेंट, थोडक्यात केएफएस. पानं फार नसतात. त्यात तीन ठिकाणी नजर टाकली तरी काम होतं.

पहिली जागा एपीआरची, म्हणजे सगळे खर्च धरून येणाऱ्या वार्षिक दराची. व्याज, प्रोसेसिंग फी आणि कर्ज देणारा तिसऱ्या कुणासाठी वसूल करतो ते विम्यासारखे खर्च, हे सगळं घटत्या बाकीवर मांडून हा एक आकडा निघतो. आपल्या उदाहरणात तिथे दहा नव्हे, तर एकवीस-बावीसच्या आसपास दिसायला हवं. दोन कर्जांची तुलना करायची तर फक्त या आकड्याची करावी. तिथे तोंडी सांगितलेला दहाच लिहिलेला असेल तर समजावं की कागद नीट भरलेला नाही, आणि सही थांबवावी.

दुसरी जागा परतफेडीच्या वेळापत्रकाची. दर महिन्याच्या हप्त्यात व्याज किती, मुद्दल किती आणि बाकी किती, हे तिथे ओळीने लिहिलेलं असतं. बाराव्या ओळीसमोर बाकी किती आहे ते बघा. वर्षभराने कर्ज बंद करायचं झालं तर साधारण तेवढी रक्कम लागणार, हे तिथेच कळतं.

तिसरी जागा प्रसंगाने लागणाऱ्या खर्चांची, म्हणजे हप्ता चुकल्यावरचा दंड आणि फोरक्लोजर चार्ज. केएफएसमध्ये न लिहिलेली फी कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय कर्ज चालू असताना लावता येत नाही, हे नियमातच आहे.

हा कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचा असतो आणि समजावूनही सांगायचा असतो. मराठी वाचता येत असेल तर मराठीत मागा, त्यात संकोच कसला? सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जात त्यातल्या अटी किमान तीन कामाचे दिवस कायम राहतात. त्यामुळे “ऑफर आजच संपतेय, आत्ताच सही करा,” असं कुणी म्हटलं तरी कागद घरी नेऊन शांतपणे वाचता येतो. कागद दिलाच नाही किंवा त्याबाहेरची फी कापली, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि तिची पोच जपून ठेवावी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं. माहितीसाठी फोन नंबर १४४४८ आहे.

या कागदाच्या बाहेरची कर्जं

हा नियम रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या संस्थांनाच लागू आहे. मोहल्ल्यातली पतसंस्था, सावकार किंवा ओळखीतून हप्त्यावर वस्तू देणारा दुकानदार यांच्याकडे केएफएस मिळणार नाही. तिथे आपला हिशेब आपल्यालाच करावा लागतो.

व्याजाच्या व्यवहारात पडावं की नाही, हा दीनी प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर उलेमांकडूनच घ्यावं. आम्ही इथे फक्त आकड्यांबद्दल बोलतोय. पण एक गोष्ट बिनव्याजी म्हणवणाऱ्या व्यवहारांनाही लागू पडते. एखादी संस्था सेवाशुल्क घेत असेल आणि ते “वर्षाला ६ टक्के” असं पूर्ण रकमेवर मोजत असेल, तर मोजण्याची रीत फ्लॅटचीच झाली. नाव शुल्काचं असो की नफ्याचं, घटत्या बाकीवर तो भार अकराच्या आसपास जातो. म्हणून तिथेही टक्के बाजूला ठेवून रुपयांत विचारावं.

विचारायचे सवाल तीनच आहेत. माझ्या हातात नेमके किती येणार? महिन्याला किती आणि किती महिने भरायचे? एका वर्षाने बंद केलं तर त्या दिवशी किती द्यावे लागतील? हे तीन आकडे कागदावर लिहून घेतले की टक्क्यांना कोणतंही नाव दिलं तरी खर्च लपत नाही. आपल्या स्कूटरच्या कर्जात ते आकडे आहेत ९५,००० रुपये, ३,६११ रुपयांचे ३६ हप्ते, आणि वर्षाने ७२,३८८ अधिक चार्ज. हे आकडे समोर ठेवल्यावर “फक्त दहा टक्के” कुणी म्हणणार नाही.